डावा मायनस, उजवा प्लस

माझ्या मामांचं सांगलीत चष्म्यांचं दुकान आहे. यंदा त्यांनी बारीक धातूच्या गोल फ्रेमचा बराच माल भरला आणि वेबसाइटवर टाकायला त्याचे फोटो हवे होते. फोटोग्राफरनं एका फ्रेमचा जो दर सांगितला तो ऐकून मामा म्हणाले, "तेवढ्यात मी त्याच्या अख्ख्या घराला चष्मे करून देतो." मग कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं, की हल्ली दोन ओळी लिहून दिल्या की कॉम्प्युटरच फोटो करून देतो. दोन ओळी लिहिणारी भाची पुण्यात आयती बसलेली होती. चित्रं तयार करणारं मॉडेल माझ्या कामात रोज लागतं. त्याच्याकडून मी मिसळीपासून मोटारीपर्यंत सगळं काढून घेतलेलं आहे. चष्मा म्हणजे दोन गोल आणि दोन काड्या. मिसळीत याहून जास्त ऐवज असतो.

पहिलं चित्र झकास आलं. संगमरवरी टेबल, मागे धूसर पानं, मधोमध सोनेरी फ्रेम जराशी तिरकी ठेवलेली. मी ते मामांना पाठवलं. पाच मिनिटांत फोन.

"बघायला एकदम भारी झालंय गं. फक्त एक सांग, ही पलीकडची काडी काचेच्या मागं गेली, ती परत बाहेर कुठनं येते?"

मी चित्र मोठं करून पाहिलं. काडी काचेमागे गेली होती आणि तिकडेच राहिली होती.

"नोजपॅड तीन आहेत," मामा पुढे म्हणाले. "असू देत. एखाद्याचं नाक तसं असंल. पण बिजागरीला स्क्रू नाही. ही फ्रेम मिटायची कशी? आणि काचेवर हे काय बसलंय, वाफ?"

मामांना गिऱ्हाईक दारातून आत येतानाच कळतं, की हा चष्मा घालून झोपतो आणि डाव्या कुशीवर झोपतो. अशा माणसाला चित्र दाखवणं म्हणजे सोनाराला बेन्टेक्स दाखवण्यासारखं आहे. एरवी मी अशी चित्रं ज्यांना पाठवते ते "वाव" लिहून अंगठा दाखवतात. त्या अंगठ्यांची किंमत मला त्या दिवशी कळली.

सर्वात आधी काचेचं बघू. मॉडेलला लिहून दिलेल्या त्या दोन ओळींत, म्हणजे प्रॉम्प्टमध्ये, मी `transparent lenses` असं लिहिलं होतं. हे लिहिलं की मॉडेल काच रंगवायला घेतं, आणि तिथंच सगळं बिघडतं. काच दाखवायची तर काहीतरी काढायला हवं, म्हणून ते निळसर झाक देतं, पांढुरका पडदा ओढतं, कडेला चमक मारतं. काच काच दिसते, पण तिच्यामागचं टेबल बाहेरच्या टेबलाहून वेगळ्या रंगाचं होतं. मग चष्मा धुतलेला नाही असं वाटतं, किंवा गॉगल आहे असं. शोरूममधल्या फ्रेममध्ये डमी काच असते, बिननंबरची साध्या प्लास्टिकची. तिच्यातून साधारण 92 टक्के उजेड आरपार जातो. म्हणजे चित्रातल्या काचेत काचेचं म्हणून फारच थोडं असतं, बाकी सगळं मागच्या टेबलाचंच. तेव्हा प्रॉम्प्टमध्ये काचेचं वर्णन करत बसण्यापेक्षा काचेतून काय दिसतं त्याचं वर्णन करावं: तोच कागद, तोच रंग, रिमच्या आत आणि बाहेर सारखाच.

हे केल्यावर वाफ गेली. मग मामांनी नंबर काढायला घेतले.

झालं असं, की मी टेबलाऐवजी फ्रेमखाली आखीव वहीचा कागद मागितला होता. यात थोडी हुशारी होती. काचेमागे सरळ रेषा असल्या की काच खोटं बोलू शकत नाही. बिननंबरच्या काचेतून रेषा बाहेर जशी आहे तशीच आत जाते आणि पलीकडे त्याच जागी निघते. काचेला नंबर असला की रेषा रिमपाशी तुटते: मायनसच्या काचेत आतली वही आक्रसते, प्लसच्या काचेत फुगते. चित्र आलं, मी पाठवलं, आणि मामांनी सवयीनं फोन डोळ्यासमोर धरून डावीकडे-उजवीकडे हलवला. हे मला मामींनी नंतर सांगितलं. चष्मेवाले नंबर हातानं असाच ओळखतात. काच समोर धरून हलवायची. मागची वस्तू काचेच्याच दिशेनं सरकली तर मायनस, उलट सरकली तर प्लस. फोनमधल्या चित्रात काही सरकायचा प्रश्न नव्हता, पण रेषांचे तुकडे दिसत होतेच.

"डावी काच मायनस चारची दिसतीया," मामा म्हणाले. "उजवी प्लस. बरं, उजवीत खालच्या रेषा तिरक्या झाल्यात, म्हंजे सिलिंडरचा नंबर पण आहे. हा पेशंट कोण?"

"पेशंट नाही हो मामा, चित्र आहे."

"तेच म्हणतो. चित्राला एवढा नंबर कसा?"

कारण मॉडेलला प्रकाश कसा वळतो हे ठाऊक नसतं. त्यानं चष्म्यांची असंख्य चित्रं पाहिलेली असतात आणि त्यातले बरेच चष्मे खऱ्या माणसांच्या खऱ्या नाकांवर, खऱ्या नंबरांचे असतात. काचेच्या आत गोष्टी थोड्या वाकतात एवढं त्याच्या लक्षात राहिलंय. किती आणि कुठल्या बाजूला, ते त्या दिवशीच्या लहरीवर. म्हणून डमी काच स्पष्ट मागावी लागते, आणि रेषा दोन्ही काचांतून सरळ, न तुटता जातात हेही लिहावं लागतं. शेवटच्या चित्रात कागद आखीव ठेवायचा नसला तरी तपासणीपुरता ठेवावा. संगमरवरावर हीच लबाडी खपून जाते, कारण संगमरवराच्या रेषा मुळातच वाकड्या.

आता काड्या. मामांनी फ्रेमच्या काडीवरचा आकडा वाचून दाखवला: 48, मग चौकोन, 20, आणि 145. एका काचेची रुंदी 48 मिलिमीटर, दोन काचांमधलं अंतर 20, काडीची लांबी 145. दोन काचा आणि मधला पूल मिळून 116, कडेची टोकं धरून फ्रेम साधारण 130 मिलिमीटर रुंद. काडी मात्र जेमतेम एक मिलिमीटर जाड. माझं चित्र 1024 पिक्सेल रुंद आणि त्यात फ्रेमनं समजा 800 पिक्सेल व्यापले, तर एका मिलिमीटरला सहा पिक्सेल मिळतात. आख्खी काडी सहा पिक्सेलांची!

सहा पिक्सेल डोळ्याला पुरतात, मॉडेलला पुरत नाहीत. स्टेबल डिफ्यूजनच्या घराण्यातली मॉडेलं थेट पिक्सेलांवर काम करत नाहीत. आठ बाय आठ पिक्सेलांची एक चौकट, अशा चौकटींमध्ये आवळलेल्या चित्रावर ती काम करतात आणि शेवटी ते उलगडून दाखवतात. मामांची काडी एका चौकटीहूनही बारीक. मॉडेलच्या हिशेबी ती असली काय, नसली काय, सारखंच. म्हणून ती मध्येच विरते, काचेमागे हरवते, किंवा पलीकडे निघते ती दोन मिलिमीटर वरून. जाड शेलच्या फ्रेमला हा त्रास होत नाही, त्यामुळे इंटरनेटवर जे कुणी "बघा किती सुंदर चष्मा काढला" म्हणून मिरवतात त्यांची फ्रेम आधी पाहावी. बहुतेक जाड काळी असते.

चित्र नंतर मोठं करून उपयोग होत नाही. तुटलेली काडी जुळत नाही, तुटलेली मोठी काडी होते. उपाय असा, की बिजागरीभोवतीचा साधारण 200 पिक्सेलचा तुकडा निवडायचा आणि तेवढाच पुन्हा 1024 वर काढून घ्यायचा. आता एका मिलिमीटरला सहाऐवजी तीस पिक्सेल मिळतात आणि काडी जवळजवळ चार चौकटी व्यापते. निवड करताना धातूची दोन्ही चांगली टोकं तुकड्यात थोडी थोडी यायला हवीत, म्हणजे कुठून कुठे जायचं हे मॉडेलला दिसतं. फक्त तुटका भाग निवडला तर ते आनंदानं तिथं एक फूल काढून देतं. मला मोगरा मिळाला होता.

आणखी एक गंमत. चष्म्याच्या काडीला इंग्रजीत म्हणतात `temple`. हे लिहिल्यावर चष्म्यामागे कळस उगवण्याची शक्यता राहते, म्हणून `arms` लिहावं. तसंच कॅमेऱ्याचं `100mm lens` लिहू नये. टेबलावर चष्म्याशेजारी एक काळी गुबगुबीत लेन्स येऊन बसते. कॅमेरा लांब हवा, जवळची काच भोपळ्याएवढी दिसायला नको, एवढंच म्हणायचं असतं. ते `shot from a distance, flat perspective` असं साधं लिहून भागतं.

प्रतिबिंबाचं प्रकरण मात्र मामांनी मोठ्या आनंदानं हाताळलं. मी आधी `no reflections, no glare` लिहून पाहिलं होतं आणि काचांमध्ये चार तावदानांची खिडकी लखलखत आली. 'नको' हा शब्द अशा मॉडेलांना नीट ऐकू येत नाही. त्यांना 'प्रतिबिंब' ऐकू येतं आणि ती प्रतिबिंब आणतात. ज्या टूलमध्ये नको असलेल्या गोष्टींचा वेगळा रकाना असतो तिथं ते शब्द टाकावेत. मुख्य प्रॉम्प्टमध्ये फक्त हवं ते लिहावं. प्रतिबिंब अजिबात नकोच म्हटलं तरी पंचाईत होते: काच आहे की नुसतीच रिकामी रिम, हे कळत नाही. बिनकाचेची फ्रेम पाहून गिऱ्हाईक विचारतं, "काच वेगळी घ्यावी लागेल का?" तशी ती घ्यावीच लागते म्हणा, पण फोटोत ते दिसायला नको.

म्हणून खिडकी काढून मी `one soft highlight` मागितला. आला, देखणा आला. डाव्या काचेत डाव्या कोपऱ्यात, उजव्या काचेत उजव्या कोपऱ्यात, अगदी आरशात धरल्यासारखे जोडीनं.

"दोन दिवे कशाला लावलेस?" मामांनी विचारलं.

दोन्ही काचा जवळजवळ एकाच दिशेला तोंड करून असतात. दिवा एक असेल तर चमक दोन्ही काचांत एकाच बाजूला पडणार. मॉडेलला सममितीचं भलतं प्रेम. ते रांगोळी काढल्यासारखं दोन्हीकडे सारखं करतं. 'दोन्ही काचांत डावीकडे वर' असं बजावून सांगावं लागतं.

मग चमक किती असावी? साध्या प्लास्टिकच्या काचेचा एकेक पृष्ठभाग त्यावर पडलेल्या उजेडातला साधारण 4 टक्के परत फेकतो, दोन्ही मिळून 8. परावर्तन रोखणारं कोटिंग असेल तर एक टक्क्याहूनही कमी, आणि तेही हिरवट किंवा जांभळट. आता गंमत बघा. पांढऱ्या कागदावर ठेवलेल्या काचेतून कागदाचे 92 येतात, आणि समोर तेवढीच उजळ पांढरी भिंत असेल तर तिचे 8 मिळतात. झाले शंभर, म्हणजे कोरा कागदच. पांढऱ्यावर भिंतीबिंतीचं प्रतिबिंब दिसतच नाही. थेट दिव्याचं दिसतं, कारण दिवा कागदाहून कितीतरी उजळ असतो. काळ्या कापडावर मात्र तेच 8 टक्के ठसठशीत उठून दिसतात. मॉडेलनं पांढऱ्या पार्श्वभूमीवर काचेत आख्खी खोली दाखवली, तर ते चित्र का पटत नाही हे सांगता न आलेल्या माणसालाही ते पटत नाही, ते यामुळे.

सावलीचंही तेच. पारदर्शक काचेची सावली पुसट असते, रिमची बारीक आणि गडद. मॉडेल मात्र दोन काळ्या चकत्या पाडतं. मामांनी त्यावर फक्त "सूर्यग्रहण" एवढंच लिहून पाठवलं.

एवढं सगळं होऊन प्रॉम्प्ट अशा वळणावर आला:

```
product photo of thin gold round metal eyeglasses,
three-quarter view, arms open, on ruled cream paper,
shot from a distance, flat perspective;
plain zero-power demo lenses: ruled lines run straight
and unbroken through both, same paper color inside and
outside the rims; far arm seen through the lens as one
continuous wire; one small soft highlight, upper left
in both lenses; thin dark edge along the metal;
fine rim shadow, very faint lens shadow
```

धातूच्या कडेची काळी रेघ ही फोटोग्राफरची जुनी युक्ती आहे. सोनेरी किंवा चंदेरी तार पांढऱ्यावर विरघळते, म्हणून ते लोक चौकटीबाहेर दोन्ही बाजूंना काळे पुठ्ठे उभे करतात. त्यांचं प्रतिबिंब तारेच्या कडेवर रेघ ओढतं. मॉडेलपुढे पुठ्ठे उभे करता येत नाहीत, पण रेघ मागता येते.

या प्रॉम्प्टनं आलेल्या चित्रात बिजागरी दोनदा दुरुस्त केल्यावर मला नाव ठेवायला जागा दिसेना. रेषा सरळ, काडी सलग, चमक एका बाजूला. मामांनी ते बराच वेळ पाहिलं असावं, कारण फोन संध्याकाळी आला.

"ही फ्रेम चांगली आहे," ते म्हणाले. "पण ही आपल्याकडं नाही."

खरं होतं. बिजागरी मॉडेलनं मनानं रचलेली, पुलाचा बाक वेगळा, नोजपॅडची तार भलत्याच वळणाची. सजावटीच्या बॅनरला ते चाललं असतं. वस्तूच्या फोटोला नाही. गिऱ्हाईक डब्यातून दुसराच पूल निघाला म्हणून फ्रेम परत करणार, आणि परत करणाऱ्याचं बरोबर असणार.

शेवटी मामांच्या फ्रेमचा खरा फोटो वापरायचा आणि मॉडेलकडून फक्त मागचा देखावा घ्यायचा, असं ठरलं. इथंही काच आडवी येतेच. फ्रेम कापून दुसऱ्या पार्श्वभूमीवर ठेवली, की काचेच्या आत जुन्या टेबलाचा तुकडा चिकटून येतो. म्हणून मी मामांना सांगितलं, की फ्रेम काळ्या मखमलीवर ठेवा, फोन कशाला तरी टेकवून स्थिर करा, डावीकडून खिडकीचा उजेड येऊ द्या आणि खिडकीला पातळ पांढरा पडदा लावा. मखमल उजेड गिळते, त्यामुळे काचेत मागचं काही राहत नाही; राहते ती फक्त चमक. मग फोटो एडिटरमध्ये धातू नेहमीसारखा कापून घ्यायचा, काचेतून दिसणारी पलीकडची काडीसुद्धा त्यातच घ्यायची, आणि काचेचा भाग वेगळ्या लेयरवर 'स्क्रीन' मोडमध्ये ठेवायचा. या मोडमध्ये काळं नाहीसं होतं आणि उजळ तेवढं खालच्या चित्रावर चढतं, म्हणजे खरी काच जे करते तेच. काडी चुकून काचेच्या लेयरमध्ये राहिली तर ती भुतासारखी अर्धवट होते. आणि चमक दिसायला हवी तर खालचा देखावा फार फिका मागू नये. मी गडद सागवानी टेबल मागितलं, समोरून, उजेड डावीकडून. उजेडाची बाजू दोन्हीकडे जुळली नाही तर बाकी सगळी मेहनत वाया.

फोटो जमला. मामांनी चक्क "झकास" लिहिलं. मखमल मात्र मामींच्या पैठणीच्या ब्लाउजसाठी आणलेली होती, असं दुपारी मामींच्या फोनवरून कळलं. त्यावर लिंटचे धागे होते, सोनेरी फ्रेमवर ते पांढरे दिसत होते, आणि ते एकेक पुसण्यात माझी संध्याकाळ गेली, हे मी मामींना सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच मामांचा मेसेज. सोबत टेबलावर ठेवलेल्या काहीतरीचा फोटो. मला आधी नुसतं टेबल दिसलं. नीट पाहिल्यावर हवेत तरंगणारे दोन स्क्रू दिसले, मग नाकावरचा एक तारेचा बाक.

"आता ह्या घे," त्यांनी लिहिलं होतं. "रिमलेस. चाळीस पीस आलेत. ह्याला तर रिमच नाही, तुझं काम निम्मं झालं."